कोडला न दिसणारी खोटी लाट: दोन हर्ट्झचा लो-पास फिल्टर स्वतः डिझाइन करूया

आमच्या उरणकडे खाडीला लागून असलेली भातशेती बांधाच्या जिवावर उभी असते. बांधाच्या एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला भरतीचं खारं पाणी. उधाणाच्या दिवशी पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत येतं आणि खारं पाणी एकदा आत शिरलं की त्या हंगामाचं पीक गेलंच म्हणायचं. म्हणून मामाने मला एक साधी गोष्ट मागितली होती : "पाणी माथ्यापासून एक वीत खाली असेल तेव्हा माझा फोन वाजला पाहिजे."

मी सॉफ्टवेअरवाला. मला वाटलं, सेन्सर लावू, आर्डुइनो उनोने वाचू, बाकी सगळं कोडमध्ये. पीव्हीसी पाइपला मोठी भोकं पाडून त्यात एक तरंगता डबा सोडला, डब्याची दोरी एका कप्पीवरून नेली आणि कप्पीला दहा फेऱ्यांचं पोटेन्शिओमीटर जोडलं. कप्पीचा घेर ५० सेंटीमीटर, म्हणजे दहा फेऱ्यांत पाच मीटर. त्याला पाच व्होल्ट दिले की हिशोब तोंडपाठ होतो : एक मीटर पाणी म्हणजे एक व्होल्ट, एक सेंटीमीटर म्हणजे १० मिलिव्होल्ट. उनो दर १०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, हा व्होल्टेज वाचत होता.

पहिल्याच रात्री ग्राफवर छान लाटा दिसल्या. साधारण २० सेकंदांची एक लाट, वर पाच सेंटीमीटर, खाली पाच सेंटीमीटर. मी खूश. मामा म्हणाला, "अरे, आज खाडी तर आरशासारखी शांत आहे."

लाट आली कुठून?

डबा घरी आणून पाण्याच्या बादलीत ठेवला. सेन्सरची तीस मीटर लांब वायर मात्र बांधावर जशी पंपाच्या वायरसोबत होती, तशीच घरातल्या वायरिंगलगत पसरून ठेवली. बादलीतलं पाणी हलत नव्हतं, पण ग्राफवर लाट चालूच! म्हणजे ही लाट पाण्यात नव्हतीच.

तुम्ही मोबाइलवर फिरत्या पंख्याचा व्हिडिओ काढला असेल, तर हा प्रकार पाहिलेला आहे. पंखा जोरात फिरत असतो, पण व्हिडिओत पाती हळूहळू, कधी तर उलटी फिरताना दिसतात. कॅमेरा सतत बघत नाही, सेकंदाला ठरावीक वेळाच फोटो घेतो. दोन फोटोंच्या मध्ये पातं जवळजवळ पूर्ण फेरी मारून आलं, तर आपल्याला वाटतं ते जेमतेम हललं. याला अलायझिंग म्हणतात.

माझ्याकडे पंख्याच्या जागी घरातली वीज होती. आपल्या वीजजाळ्याची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, पण ती अगदी ५० वर टिकत नाही. भारतात ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. समजा, त्या क्षणी ती ४९.९५ आहे. मी १०० मिलिसेकंदांनी वाचतो, तेवढ्यात विजेची ४.९९५ आवर्तनं होतात, म्हणजे पाच पूर्ण व्हायला किंचित कमी. प्रत्येक वाचन आधीच्यापेक्षा त्या किंचितने सरकतं. ५० वजा ४९.९५ बरोबर ०.०५ हर्ट्झ, म्हणजे २० सेकंदांची लाट. वायरमध्ये शिरलेली ५० मिलिव्होल्टची विजेची घरघर माझ्या ग्राफवर पाच सेंटीमीटरची समुद्राची लाट बनून आली होती.

तुमच्याकडे असा संशय आला तर खात्री करायची सोपी युक्ती आहे. वाचनांमधलं अंतर १०० ऐवजी ९७ मिलिसेकंद करा. खरी लाट जशीच्या तशी राहील. खोटी लाट लगेच रूप बदलेल. माझी २० सेकंदांची लाट एकदम पाऊण सेकंदापेक्षाही छोटी झाली.

आता साहजिक प्रश्न : कोडमध्ये सरासरी घेतली तर? मी तेच केलं होतं. शेवटच्या दहा वाचनांची सरासरी, म्हणजे एका सेकंदाची. पण २० सेकंदांच्या लाटेला एका सेकंदाची सरासरी काय करणार? आणि सरासरी वाढवून मिनिटाची केली तर खोट्या लाटेबरोबर खऱ्या लाटाही जातात. आकडा उनोत शिरला की तो ५० हर्ट्झमधून आला की खाडीतून, हे सांगायला त्यात काहीच उरत नाही. हजार वेळा वाचून सरासरी घेण्याचा मार्ग आहे आणि तो विजेच्या घरघरीवर चालतो, पण तिथेही ५०० हर्ट्झच्या वरचं काही आत येणार नाही याची काळजी बाहेरच घ्यावी लागते. म्हणून गाळणी वाचनाच्या आधी हवी, तारेवर.

कटऑफ किती ठेवायचा?

लो-पास फिल्टर म्हणजे हळू बदलणारं जाऊ देणारी आणि भराभर बदलणारं अडवणारी गाळणी. आधी ठरवायचं, काय जाऊ द्यायचं. भरती-ओहोटी तासांच्या हिशोबात चालते. होडी गेल्यावर खाडीत उठणाऱ्या लाटा साधारण दोन-तीन सेकंदांच्या, म्हणजे अर्धा हर्ट्झ किंवा कमी. वाऱ्याने उठणारी बारीक खळबळ एक हर्ट्झच्या आसपास. अडवायचं आहे ५० हर्ट्झ. मी मध्ये २ हर्ट्झ निवडला.

इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. पाणी बांधावरून जातं ते लाटेच्या माथ्यावरून. त्यामुळे लाटेची उंची बरोबर कळली पाहिजे. फिल्टरने ५० हर्ट्झ अडवला पण खरी लाटही थोडी दाबली, तर मामाचा फोन उशिरा वाजणार.

सगळ्यात साधा फिल्टर म्हणजे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. एकाने पुरेसं अडत नाही म्हणून असे २ हर्ट्झचे दोन फिल्टर मध्ये बफर ठेवून एकामागे एक लावले, तर अर्धा हर्ट्झची लाट ९४ टक्के उरते आणि एक हर्ट्झची ८० टक्के. ३० सेंटीमीटरची लाट २४ ची दिसणार! आपल्याला हवा असा फिल्टर, जो कटऑफच्या खाली शक्य तितका सपाट राहतो आणि मग खाली उतरतो. ब्रिटिश अभियंता स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० मध्ये असाच फिल्टर मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दुसऱ्या पायरीच्या बटरवर्थमध्ये २ हर्ट्झ कटऑफला अर्धा हर्ट्झची लाट ९९.८ टक्के उरते, एक हर्ट्झची ९७ टक्के. आणि ५० हर्ट्झ? साधारण ६२५ पटींनी कमी.

सर्किट

हे करायला १९५५ मध्ये सॅलन आणि की या दोघांनी दिलेली रचना वापरू. दोन सारखे रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक ऑप-अँप. जोडणी शब्दांत सांगतो, कागदावर काढत वाचा :

सेन्सरकडून येणारी तार पहिल्या `R` ला. त्याचं दुसरं टोक म्हणजे बिंदू अ. अ पासून दुसरा `R`, त्याचं टोक म्हणजे बिंदू ब. ब ऑप-अँपच्या प्लस पायाला. ब आणि ग्राउंड यांच्यामध्ये `C2`. ऑप-अँपचं आउटपुट थेट त्याच्याच मायनस पायाला. आणि शेवटी `C1` हा बिंदू अ आणि आउटपुट यांच्यामध्ये.

खरी गंमत `C1` ची आहे. तो ग्राउंडला न जाता आउटपुटकडे जातो. कटऑफच्या जवळ तो आउटपुटमधला थोडा सिग्नल योग्य वेळी परत आत ढकलतो आणि साध्या फिल्टरचा जो भाग आधीच खचायला लागतो, त्याला टेकू देतो. टेकू कमी पडला तर ग्राफ खचतो, जास्त झाला तर कटऑफजवळ उंचवटा येतो. बरोबर किती टेकू द्यायचा, हे गणित सांगतं. या सर्किटचं आउटपुट आणि इनपुट यांचं गुणोत्तर असं :

```
|H|^2 = 1 / D
D = 1 + (4*C2^2 - 2*C1*C2)*R^2*w^2 + (R^2*C1*C2)^2*w^4
```

`w` म्हणजे फ्रिक्वेन्सी गुणिले `2*pi`. `D` एकच्या जितका जवळ, तितका ग्राफ सपाट. कमी फ्रिक्वेन्सीला `w^4` चं पद नगण्य असतं, ग्राफ बिघडवतं ते मधलं `w^2` चं पद. मग ते पद शून्यच करून टाकू :

```
4*C2^2 = 2*C1*C2
C1 = 2*C2
```

झालं! "जास्तीत जास्त सपाट" याचा अर्थ एवढाच : मधलं पद नाहीसं. `C1` हा `C2` च्या दुप्पट ठेवा, बस्स. उरतं ते `1 + (f/fc)^4` आणि त्यातून कटऑफ मिळतो :

```
fc = 1 / (2*pi * R * C2 * sqrt(2))
```

आकडे घालूया

आधी कपॅसिटर निवडा, मग रेझिस्टर काढा, कारण रेझिस्टर भरपूर वेगवेगळ्या किमतींचे मिळतात, कपॅसिटर मोजकेच. मी `C2` १०० नॅनोफॅरड घेतला. दुप्पट, म्हणजे २०० नॅनोफॅरडचा शोधायला गेलात तर दुकानदार २२० चा हातात देईल. त्यापेक्षा १०० चेच दोन समांतर जोडा. एकाच पाकिटातले तीन सारखे कपॅसिटर घेतले की दुप्पटीचं गुणोत्तर आपोआप जमतं.

```python
from math import pi, sqrt
fc = 2.0
C2 = 100e-9
R = 1 / (2 * pi * fc * C2 * sqrt(2))
print(round(R / 1000, 1))   # 562.7
```

उत्तर ५६२.७ किलोओहम. बाजारात मिळणारा सगळ्यात जवळचा ५६० किलोओहम. तो घातल्यावर कटऑफ २.०१ हर्ट्झ येतो. यापेक्षा जवळ जायची गरज नाही, कारण कपॅसिटरमध्येच पाच-दहा टक्के फरक असतो.

कपॅसिटर पॉलिएस्टर फिल्मचा घ्या. त्यावर `104J` किंवा `104K` छापलेलं असतं. `104` म्हणजे १०० नॅनोफॅरड, `J` म्हणजे पाच टक्के आणि `K` म्हणजे दहा टक्के फरक. छोट्या गोल सिरॅमिकवरही `104` असतं आणि ते स्वस्तही असतात, पण त्यातल्या बऱ्याच प्रकारांची क्षमता तापमान आणि व्होल्टेजनुसार बदलते. उन्हात बांधावर ठेवायच्या डब्यात ते नकोत.

ऑप-अँप निवडताना मी खाल्लेला मार

घरात `LM358` पडलेला होता, तोच लावला. दोन चुका एकदम झाल्या.

पहिली : बादलीतलं पाणी तेच, पण फिल्टर लावल्यावर वाचन काही सेंटीमीटर वर गेलं. कारण असं की ऑप-अँपच्या पायातून अगदी बारीक करंट वाहतो. `LM358` मध्ये तो साधारण २० ते ४५ नॅनोअँपिअर. ऐकायला काहीच नाही, पण तो आपल्या दोन ५६० किलोओहममधून जातो. १.१२ मेगाओहम गुणिले ४५ नॅनोअँपिअर म्हणजे ५० मिलिव्होल्ट. म्हणजे जी पाच सेंटीमीटरची चूक काढायला निघालो, तेवढीच पुन्हा आणून बसवली! फरक एवढाच की आता ती लाट नव्हती, कायमची चढ होती.

दुसरी चूक जास्त धोक्याची होती. पाच व्होल्टवर चालणारा `LM358` आउटपुटला साधारण साडेतीन व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही. आपल्या हिशोबात साडेतीन व्होल्ट म्हणजे साडेतीन मीटर पाणी. त्यावर कितीही भरती आली तरी ग्राफ साडेतीनवर सपाट. म्हणजे नेमक्या उधाणाच्या वेळी यंत्र "सगळं ठीक" सांगणार. बादलीत हे कळणारच नव्हतं. कप्पी हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहिली, तेव्हा दिसलं. तुम्हीही सेन्सर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. ग्राफ मध्येच सपाट झाला तर आधी ऑप-अँपवर संशय घ्या.

मग `MCP6002` मागवला. त्याचा इनपुट करंट एक पिकोअँपिअरच्या आसपास, म्हणजे आपल्या दृष्टीने शून्य. आणि आउटपुट शून्यापासून पाच व्होल्टपर्यंत जवळजवळ पूर्ण जातं. त्याच्या आठही पायांची मांडणी `LM358` सारखीच आहे, त्यामुळे एक काढून दुसरा बसवला, बाकी काही बदलावं लागलं नाही. फक्त त्याला सहा व्होल्टच्या वर देऊ नका. आत दोन ऑप-अँप असतात. न वापरलेल्याचं आउटपुट त्याच्या मायनस पायाला आणि प्लस पाय ग्राउंडला जोडून टाका, लोंबकळत ठेवू नका.

बरोबर बनला का? एका सेलने तपासा

दोन हर्ट्झचा सिग्नल देणारं यंत्र घरी नसतं आणि मोबाइलच्या हेडफोनमधून इतकी कमी फ्रिक्वेन्सी नीट बाहेर येत नाही. पण दीड व्होल्टचा सेल सगळ्यांकडे असतो.

उनोला फक्त या तपासणीपुरतं दर १० मिलिसेकंदांनी वाचायला लावा. सेलचं मायनस टोक ग्राउंडला जोडा. फिल्टरचं इनपुट आधी ग्राउंडला ठेवा, मग ती तार उचलून सेलच्या प्लसला लावा. इनपुट एका झटक्यात शून्यावरून दीड व्होल्टवर गेलं. आउटपुट हळू चढेल. बटरवर्थची खूण अशी की ते दीड व्होल्ट ओलांडून किंचित वर, साधारण चार टक्के, जाईल आणि परत खाली येऊन स्थिर होईल. उनोच्या आकड्यांत सेल बरोबर दीड व्होल्टचा असेल तर ३०७ वर थांबायच्या आधी ते ३२० ला शिवून येतं आणि हे टोक ०.३५ सेकंदाला येतं.

माझं पहिल्या वेळी तसं झालं नाही. आकडा ०.३५ सेकंदाला २४६ च्या आसपासच होता आणि ३०७ ला पोचायला एक सेकंद लागला, वर गेलाच नाही. कारण सापडायला अर्धा तास गेला : दोन कपॅसिटरची जोडी मी ग्राउंडच्या बाजूला आणि एकटा आउटपुटच्या बाजूला लावला होता. अदलाबदल झाली की टेकू चौपट कमी होतो. कटऑफचं सूत्र तेच राहतं, पण ग्राफ सपाट राहत नाही आणि एक हर्ट्झची लाट ६२ टक्केच उरते. उलट आकडा ३२० च्या बराच वर जाऊन दोन-तीनदा डोलत थांबला, तर `C1` दुप्पटीपेक्षा मोठा आहे. टोक ०.३५ सेकंदाऐवजी भलत्याच वेळी आलं, तर रेझिस्टरचे रंग पुन्हा वाचा.

सपाटपणाची किंमत इथे दिसते : अचानक उसळी आली तर बटरवर्थ ती चार टक्के वाढवून दाखवतो. तुमच्या कामात ते चालत नसेल तर `C1` दुप्पट न ठेवता `C2` च्या १.३३ पट ठेवतात. तो बेसेल फिल्टर. उसळी जवळजवळ जाते, पण सपाटपणा कमी होतो आणि वरचं `fc` चं सूत्र तसंच्या तसं लागू राहत नाही. आमच्या बांधासाठी चार टक्के चुकून आधी वाजलेला फोन चालेल, उशिरा वाजलेला नाही.

दुसरी फ्रिक्वेन्सी हवी असेल तर

कपॅसिटर तेच ठेवा, फक्त रेझिस्टर बदला. कटऑफ शंभर पट हवा, म्हणजे साधारण २०० हर्ट्झ, तर रेझिस्टर शंभर पट लहान : ५.६ किलोओहम. उलट, लाटाही नकोत आणि फक्त भरती-ओहोटी पाहिजे म्हणून ०.०१ हर्ट्झचा कटऑफ ठेवायला गेलात, तर रेझिस्टर येईल ११२ मेगाओहम. खाऱ्या हवेत बोर्डावर साचलेली ओलच त्यापेक्षा चांगली वीज वाहून नेईल. तिथे तारेवरचा फिल्टर थांबतो. २ हर्ट्झचा फिल्टर तसाच ठेवा आणि पुढची सरासरी कोडमध्ये घ्या. आता ती सरासरी खरी असेल, कारण खोटी लाट आत आलेलीच नाही.

फिल्टर लावल्यावर बादलीचा ग्राफ सरळ रेघ झाला. ५० मिलिव्होल्टच्या घरघरीतून ०.०८ मिलिव्होल्ट उरलं आणि उनोची सगळ्यात छोटी पायरीच ४.९ मिलिव्होल्टची असते. डबा परत बांधावर नेला. संध्याकाळी एक होडी गेली आणि ग्राफवर अडीच-अडीच सेकंदांच्या सात-आठ लाटा उमटून विरल्या. मामा बांधावर उभा राहून मोजत होता. त्याची मोजणी आणि ग्राफची जुळली.